‘त्यांच्या’ म्हणजे नेमके कोणाच्या?

*आमच्या पतसंस्थेच्या सभांची इतिवृत्ते छापण्याआधी मी तपासते. या वेळी एक वाक्य होते: ‘अध्यक्षांनी सचिवांना त्यांच्या कार्यालयातील कागदपत्रे सादर करण्यास सांगितले.’ मी समासात ‘व्याकरण चूक’ असे लिहून ते परत पाठवले. लिहिणारे कारकून म्हणतात, यात व्याकरणाची चूक दाखवून द्या. सर्वनामाच्या सर्वांत जवळचे नाम ‘सचिव’ आहे, म्हणून कार्यालय सचिवांचेच, असेही त्यांचे म्हणणे. दुसरे एक सहकारी सांगतात, ‘त्यांच्या’च्या जागी ‘आपल्या’ घाला, प्रश्न मिटला. वाक्य चूक आहे की नुसते संदिग्ध आहे? आणि दुरुस्त कसे करू?*
*— एक मुद्रितशोधक*

समासातला तुमचा शेरा चुकला, पण वाक्य परत पाठवलेत ते योग्यच केलेत. कारकुनांचे पहिले म्हणणे खरे आहे, दुसरे खरे नाही. सहकाऱ्यांचा उपाय एरवी बऱ्याच वाक्यांत चालतो, नेमका या वाक्यात चालत नाही.

आधी व्याकरण तपासू. ‘अध्यक्षांनी’ हे रूप बरोबर आहे, ‘सचिवांना’ही बरोबर आहे. ‘कार्यालयातील’ या शब्दाआधी येणारे ‘त्यांच्या’ सामान्यरूपात आहे, आणि तसेच हवे. आदरार्थी अनेकवचन पाळलेले आहे. ‘सांगितले’ हे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात आहे, आणि अशा रचनेत ते तसेच राहते. लिंग, वचन, विभक्ती, शब्दक्रम यांपैकी कशातही बोट ठेवायला जागा नाही. वाक्याचे पृथक्करण करायला दिले, तर शाळेतला विद्यार्थीही न अडखळता करील. एका प्रश्नापाशी मात्र तो थांबेल: कार्यालय कोणाचे?

या वाक्यातून चार उत्तरे निघतात. कार्यालय अध्यक्षांचे असेल, सचिवांचे असेल, दोघांचे मिळून एकच असेल, किंवा आधीच्या वाक्यात ज्यांचा उल्लेख झाला त्या तिसऱ्याच व्यक्तीचे, समजा लेखापरीक्षकांचे, असेल. मराठीचे व्याकरण यांतला एकही अर्थ अडवत नाही. अनेक अर्थांना वाट मोकळी असते तेव्हा वाक्य संदिग्ध असते. वाक्य अशुद्ध ठरायला वेगळेच काही घडावे लागते: जो अर्थ सांगायचा आहे त्याची वाट व्याकरणाने बंद केलेली असावी लागते.

हा भेद नवा नाही. ११व्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी काव्यप्रकाशात शब्दांचे दोष मोजले आहेत. त्यांत ‘च्युतसंस्कृती’, म्हणजे व्याकरणाच्या संस्कारातून ढळलेला शब्द, हा एक दोष आहे आणि ‘संदिग्ध’ हा दुसरा. दोन्ही दोषच, पण एकाच यादीत दोन वेगळ्या नावांनी नोंदलेले. तुमच्या वाक्यात दुसरा दोष आहे, पहिला नाही. समासात पहिल्याचे नाव पडले, म्हणून कारकुनांना हरकत घ्यायला जागा मिळाली.

आता जवळच्या नामाचा मुद्दा. सर्वनाम सर्वांत जवळच्या नामाकडे जाते, असे पुष्कळांना शिकवलेले असते. मराठीत असा नियम नाही. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा:

रमेशने सुरेशला पैसे दिले, कारण त्याच्याकडे भरपूर होते.
रमेशने सुरेशला पैसे दिले, कारण त्याच्याकडे काहीच नव्हते.

पहिल्या वाक्यात ‘त्याच्याकडे’ म्हणजे रमेशकडे, हे वाचताक्षणी कळते. दुसऱ्यात तोच शब्द सुरेशकडे जातो. नामे तीच, त्यांचा क्रम तोच, सर्वनामाचे रूप आणि त्याची जागाही तीच. जवळच्या नामाचा नियम असता, तर दोन्ही वाक्यांत सुरेशच यायला हवा होता. आपण निवड करतो ती व्यवहाराच्या ज्ञानावरून: ज्याच्याकडे असते तो देतो, ज्याच्याकडे नसते त्याला मिळते. व्याकरणाने दोन्ही दारे उघडी ठेवली आणि कोणत्या दाराने जायचे ते जगाच्या माहितीने ठरवले. तुमच्या वाक्यात ही माहिती उपयोगी पडत नाही, कारण कार्यालय अध्यक्षांनाही असते आणि सचिवांनाही. कारकुनांना अर्थ स्वच्छ दिसतो याचे कारण ते सभेत हजर होते. वर्षभराने इतिवृत्त उघडणारा सभासद तिथे नव्हता.

मग सर्वनामामुळे वाक्य खरोखर अशुद्ध कधी ठरते? ‘विजयने त्याला आरशात पाहिले’ हे वाक्य घ्या. विजयने दुसऱ्या कोणाला आरशात पाहिले असेल, तर वाक्य निर्दोष आहे. विजयने विजयलाच पाहिले, असे सांगायचे असेल, तर ते चूक आहे, तिथे ‘स्वतःला’च हवे. ‘मीनाने त्याचे दप्तर उचलले’ हेही असेच. कुणा मुलाचे दप्तर उचलले असेल तर वाक्य शुद्ध, मीनाचेच असेल तर लिंग जुळत नाही आणि वाक्य चूक. ‘जी मुलगी पहिली आली, त्याला बक्षीस मिळाले’ या वाक्याला मात्र असा बचावही नाही. ‘जी’ने सुरू केलेली जोडी ‘तिला’ने पुरी करावी लागते. ती बांधणी मोडली, की वाक्य कोणत्याही अर्थाने उभे राहत नाही.

पहिल्या दोन उदाहरणांतून तुमच्या कामाला उपयोगी पडेल असे एक सूत्र निघते. ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ हा प्रश्न सर्वनामाच्या बाबतीत अर्धाच आहे. ‘या अर्थाने हे वाक्य बरोबर आहे का?’ असे विचारले म्हणजे तो पुरा होतो. एकच वाक्य एका अर्थाने शुद्ध आणि दुसऱ्या अर्थाने अशुद्ध असू शकते.

म्हणून तपासणी अशी करा. सर्वनामाखाली रेघ मारा. ते ज्यांच्याकडे जाऊ शकेल अशी नामे त्या वाक्यातून आणि आधीच्या दोन वाक्यांतून वेगळ्या कागदावर काढा. मग सर्वनामाच्या जागी एकेक नाम मनात धरून वाक्य वाचा आणि दर वेळी फक्त लिंग, वचन, पुरुष आणि ‘स्वतः’, ‘आपण’, ‘जो–तो’ यांचे नियम लावा. अर्थ पटतो की नाही, हे या टप्प्यावर पाहू नका, नाहीतर व्यवहाराची माहिती व्याकरणाच्या कामात शिरते आणि दोन्हींचा गोंधळ होतो. नियमांच्या चाळणीतून एकच नाम उरले आणि लेखकाला तेच अभिप्रेत असेल, तर वाक्य शुद्ध आणि स्पष्ट. दोन किंवा अधिक उरली, तर शुद्ध पण संदिग्ध. लेखकाला अभिप्रेत असलेले नामच चाळणीतून गळून पडले, तर ती व्याकरणाची चूक. उरलेल्यांपैकी एकच अर्थ व्यवहारात शक्य आहे का, हे त्यानंतर पाहायचे. रमेश-सुरेशच्या वाक्यांत तसा तो आहे, म्हणून ती छापायला हरकत नाही. तुमच्या वाक्यात तो नाही.

आदरार्थी ‘त्यांच्या’ इतके का घोटाळे करते, हेही पाहण्यासारखे आहे. मराठी सर्वनामांना तीन लिंगे आहेत आणि त्यामुळे पुष्कळ संदिग्धता मुळातच टळते. ‘विजयने मीनाला तिची वही दिली’ या वाक्यात वही विजयची असू शकत नाही. पण हा आधार सगळ्या रूपांत टिकत नाही. ‘तो’ आणि नपुंसकलिंगी ‘ते’ यांना प्रत्यय लागला, की दोन्हींचे ‘त्याला’, ‘त्याने’, ‘त्याचा’ होते. अनेकवचनात तर तिन्ही लिंगे एक होतात आणि उरते फक्त ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचा’. आदर दाखवण्यासाठी आपण एका व्यक्तीलाही अनेकवचन वापरतो, त्यामुळे वचनाचा आधारही जातो. समजा, तुमच्या अध्यक्ष बाई आहेत आणि सचिव पुरुष. एकेरीत बोलताना ‘तिच्या’ आणि ‘त्याच्या’ यांनी काम झाले असते. इतिवृत्तात एकेरी चालत नाही, म्हणून दोघांनाही ‘त्यांच्या’च येणार. या शब्दात बाई की पुरुष हे नाही, एक की अनेक हेही नाही.

यातून सुटायला एक फट आहे. प्रत्यय न लागलेल्या रूपात आदरार्थी सर्वनामही लिंग सांगते: पुरुषासाठी ‘ते’, बाईंसाठी ‘त्या’. वाक्याची रचना अशी फिरवता आली, की सर्वनाम कर्ता होऊन प्रत्ययाविना येते, तर लिंगाचा आधार परत मिळतो. ‘अध्यक्षांनी सचिवांना सांगितले, की त्या उद्या बँकेत जाणार आहेत’ यात बँकेत अध्यक्षच जाणार, सचिव नाहीत. सर्वनाम गाळले तरी ‘जाणार आहेत’ किंवा ‘जातील’ न घेता ‘गेल्या होत्या’ किंवा ‘गेले होते’ असे लिंग दाखवणारे रूप घेतले, तर क्रियापदच खूण देते. मात्र वाक्यातल्या दोन्ही व्यक्ती एकाच लिंगाच्या असतील, तर या युक्तीचा उपयोग नाही.

आता ‘आपल्या’कडे वळू, कारण खरा सापळा तिथे आहे. आत्मवाचक ‘आपला’ कर्त्याकडे जातो, हा नियम तुमच्या सहकाऱ्यांनी बरोबर लक्षात ठेवला आहे. ‘विजयने अजयला आपल्या घरी नेले’ म्हणजे विजयच्या घरी, अजयच्या नव्हे. ‘विजयने अजयला त्याच्या घरी नेले’ म्हणजे अजयच्या किंवा तिसऱ्या कोणाच्या घरी. या वाक्यात ‘त्याच्या’ म्हणजे विजयच्याच घरी, असे हल्ली बोलण्यात आणि बातम्यांतही पुष्कळ वेळा आढळते. बोलण्यात त्यावर कोणी अडून बसू नये. पण छापायच्या मजकुरात ‘आपल्या’ आणि ‘त्याच्या’ यांच्यातला फरक जपावा, असे माझे ठाम मत आहे. मराठीने एक शब्द बदलून घर कोणाचे ते सांगण्याची सोय करून ठेवलेली आहे. ती वापरली नाही, तर तेच सांगायला पुढे अख्खे वाक्य खर्च करावे लागते.

तरीही तुमच्या वाक्यात हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे कर्ते दोन आहेत. ‘सांगितले’चे कर्ते अध्यक्ष आहेत. पण ‘सादर करण्यास’ हीसुद्धा एक क्रिया आहे आणि ती करायची आहे सचिवांनी. हा दुसरा कर्ता वेगळ्या शब्दाने लिहिलेला नसतो, तरी वाचणाऱ्याच्या मनात तो असतोच. ‘अध्यक्षांनी सचिवांना आपल्या कार्यालयातील कागदपत्रे सादर करण्यास सांगितले’ असे लिहिले, तर ‘आपल्या’ अध्यक्षांकडे जाऊ शकते, कारण मुख्य क्रियापदाचे कर्ते ते आहेत, आणि सचिवांकडेही जाऊ शकते, कारण आतल्या क्रियेचे कर्ते ते आहेत. शिवाय इतिवृत्तात ‘आपल्या संस्थेचे भागभांडवल’ अशी भाषा सर्रास असते. त्या सवयीने वाचणाऱ्याला ‘आपल्या कार्यालयातील’ म्हणजे आपणा सर्वांच्या, म्हणजे संस्थेच्या कार्यालयातील, असेही वाटेल. संदिग्धता घालवायला गेलो आणि एक अर्थ वाढवून आलो, असे होते.

जिथे दुसरी क्रिया ‘-ण्यास’, ‘-ण्याची’, ‘-ण्यासाठी’ अशा रूपात आत बसलेली असते, तिथे ‘आपल्या’ घालण्याआधी थांबा आणि ती क्रिया कोण करणार ते पाहा. दोन्ही क्रिया एकच व्यक्ती करणार असेल, तर धोका नाही. ‘अध्यक्षांनी आपल्या कार्यालयातील कागदपत्रे सादर करण्याचे मान्य केले’ यात मान्य करणारे आणि सादर करणारे एकच आहेत, म्हणून ‘आपल्या’ला जायला एकच जागा आहे.

‘आपला’ची आणखी एक मर्यादा इथेच सांगतो, कारण हा नियम नव्याने कळला, की तो सगळीकडे लावायचा मोह होतो. कर्त्याचाच एक भाग असलेल्या शब्दाला ‘आपला’ लावता येत नाही. ‘सचिव आणि आपले सहायक उपस्थित होते’ असे लिहिले, तर सहायक सचिवांचे राहत नाहीत, ते तुमचे-आमचे होतात. तिथे ‘सचिव आणि त्यांचे सहायक’ हेच बरोबर. सचिवांचे सहायक असा अर्थ मनात धरून ‘आपले’ लिहिले असेल, तर ती संदिग्धता नव्हे, चूक आहे. अशा ठिकाणी समासात ‘व्याकरण’ असा शेरा खुशाल लिहा.

‘स्वतः’ मात्र ‘आपण’पेक्षा जास्त घट्ट बांधलेला शब्द आहे. ही जोडी पाहा:

विजय म्हणाला, की अजयने आपल्याला दोष दिला.
विजय म्हणाला, की अजयने स्वतःला दोष दिला.

पहिल्या वाक्यात दोष विजयला मिळाला. ‘आपल्याला’ आतल्या वाक्याची हद्द ओलांडून बाहेरच्या कर्त्यापर्यंत पोचते. दुसऱ्यात अजयने दोष अजयलाच दिला. ‘स्वतःला’ आपल्या उपवाक्याबाहेर जात नाही. दोन्ही शब्दांना आपण ‘आत्मवाचक’ असे एकच नाव देतो, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते. वरच्या जोडीत शब्द बदलला, की दोष घेणारी व्यक्तीच बदलते.

हे हाताशी घेऊन तुमचे वाक्य दुरुस्त करू. कार्यालय सचिवांचे आहे, असे धरू. पहिला विचार येतो तो नाम पुन्हा लिहिण्याचा: ‘अध्यक्षांनी सचिवांना सचिवांच्या कार्यालयातील कागदपत्रे सादर करण्यास सांगितले.’ याचा अर्थ एकच होईल असे वाटते, पण वाचून पाहा. ‘सचिवांना सचिवांच्या’ म्हटल्यावर वाचणारा थबकतो. हे दुसरे सचिव कोण? सर्वनाम वापरण्याजोगी जागा असताना नाम पुन्हा आले, की मराठी वाचक ती दुसरी व्यक्ती समजू लागतो. ‘विजयने विजयचे पुस्तक उचलले’ यात दोन विजय दिसतात, ते याच कारणाने.

दुसरा मार्ग आतल्या क्रियेला स्वतंत्र उपवाक्य देण्याचा: ‘सचिवांनी स्वतःच्या कार्यालयातील कागदपत्रे सादर करावीत, असे अध्यक्षांनी सांगितले.’ आता ‘सादर करावीत’चा कर्ता उघडपणे लिहिलेला आहे आणि ‘स्वतःच्या’ त्याच उपवाक्यात बांधलेले आहे. अर्थ एकच उरतो. इथे ‘स्वतःच्या’ऐवजी ‘आपल्या’ घातले, तर पुन्हा वाट फुटते. ‘सचिवांनी आपल्या कार्यालयात यावे, असे अध्यक्षांनी सांगितले’ हे वाक्य वाचले, की सचिव अध्यक्षांच्या कार्यालयात जाताना दिसतात. म्हणून या रचनेत ‘स्वतः’च घ्या.

तिसरा मार्ग मला इतिवृत्तासाठी सर्वांत योग्य वाटतो. कार्यालयाला व्यक्तीशी न जोडता पदाशी जोडायचे: ‘अध्यक्षांनी सचिवांना सचिव कार्यालयातील कागदपत्रे सादर करण्यास सांगितले.’ ‘सचिव कार्यालय’ हे आता एका जागेचे नाव झाले. प्रत्यय नसल्यामुळे दुसरे सचिव डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, आणि सर्वनाम नसल्यामुळे ते कोणाकडे जाते हा प्रश्नच उरत नाही. कार्यालय अध्यक्षांचे असेल, तर ‘अध्यक्ष कार्यालयातील’ म्हणा. पुढे पदावरची माणसे बदलली, तरी कागद कोणत्या कपाटातले होते हे वाक्य सांगत राहील.

दोन उपाय टाळा. कंसात खुलासा देऊन ‘त्यांच्या (सचिवांच्या)’ असे छापू नका. कंस वाचला म्हणजे सर्वनाम निकामी झालेच, मग ते ठेवायचे कशाला? आणि ‘संबंधितांच्या कार्यालयातील’ असे तर मुळीच करू नका. ‘संबंधित’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ हे शब्द नेमके असल्यासारखे दिसतात, पण अंगुलिनिर्देशाचे काम सर्वनामापेक्षाही ढिलाईने करतात, कारण लिंग आणि वचन यांची जी थोडीफार खूण सर्वनामात असते तीही त्यांत नाही.

इतिवृत्तातच आढळणारी आणखी दोन ठिकाणे तपासत जा. पहिले ठिकाण मंजुरीचे. ‘ठराव मांडण्यात आला. त्यावर एक उपसूचना आली. ती सर्वानुमते मंजूर झाली.’ ठराव पुल्लिंगी आणि उपसूचना स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती’ म्हणजे उपसूचनाच. मूळ ठराव मंजूर झाला की नाही, हे अजून सांगायचे राहिले आहे. लिहिणाऱ्याला ठरावच मंजूर झाला असे म्हणायचे असेल, तर ‘ती’ हे सर्वनाम व्याकरणाने चूक आहे. आता ‘ठराव’ काढून ‘सूचना’ घाला: ‘सूचना मांडण्यात आली. त्यावर एक उपसूचना आली. ती सर्वानुमते मंजूर झाली.’ दोन्ही शब्द स्त्रीलिंगी झाले आणि तेच वाक्य आता शुद्ध पण संदिग्ध झाले. एक नाम बदलले आणि दोषाची जात बदलली. अशा ठिकाणी सर्वनामावर विसंबूच नये. ‘मूळ सूचना उपसूचनेसह मंजूर झाली’ किंवा ‘उपसूचना मंजूर झाली, मूळ सूचना मागे घेण्यात आली’ असे जे घडले ते नामांनीच लिहावे.

दुसरे ठिकाण ‘की’नंतरच्या ‘मी’चे. मराठीत ‘की’ लावल्यावरही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची रीत आहे. ‘सचिव म्हणाले, की मी हिशेब पाहिला आहे’ यात ‘मी’ म्हणजे सचिव, आणि हे शुद्ध मराठी आहे. ‘की’नंतर ‘मी’ दिसला म्हणून त्याचे ‘त्यांनी’ करू नका. तसे केलेत, तर ‘सचिव म्हणाले, की त्यांनी हिशेब पाहिला आहे’ असे होईल आणि हिशेब आणखी कोणी पाहिला असाही अर्थ निघेल. स्पष्ट वाक्य संदिग्ध होईल, तेही तपासणाऱ्याच्या हातून. अडचण येते ती लिहिणारा स्वतः वाक्यात असतो तेव्हा: ‘सचिवांनी मला सांगितले, की मी हिशेब पाहिला आहे.’ हा ‘मी’ सचिवांचा की लिहिणाऱ्याचा? तिथे ‘की’ काढा आणि अवतरणचिन्हे घाला: सचिव मला म्हणाले, “मी हिशेब पाहिला आहे.” नाहीतर ‘हिशेब पाहिल्याचे सचिवांनी मला सांगितले’ अशी रचना करा. तीत पाहणारे आणि सांगणारे एकच आहेत, असाच अर्थ सहज घेतला जातो.

राहिला समासातला शेरा. लेखकाने अभिप्रेत धरलेले नाम नियमांच्या चाळणीतून गळत असेल, तर ‘व्याकरण’ असे लिहा आणि दुरुस्ती स्वतःच करा, कारण नियम तुम्हाला ठाऊक आहे. एकाहून अधिक नामे उरत असतील, तर सर्वनामाखाली रेघ मारून समासात फक्त ‘कोणाच्या?’ असे विचारा आणि स्वतःहून काहीही बदलू नका. कार्यालय कोणाचे, ही वस्तुस्थितीची बाब आहे, आणि ती सभेला हजर असलेल्यालाच ठाऊक असते. तपासणाऱ्याने अंदाजाने ‘सचिव कार्यालयातील’ केले आणि कागद प्रत्यक्षात अध्यक्षांच्या कार्यालयातले मागितलेले असले, तर संदिग्ध वाक्याच्या जागी खोटे वाक्य छापले जाईल. कारकुनांकडे प्रत पाठवताना प्रश्नाखाली दोन्ही वाक्ये तयार लिहून द्या, एक ‘सचिव कार्यालयातील’ असे आणि एक ‘अध्यक्ष कार्यालयातील’ असे, आणि योग्य असेल त्यापुढे खूण करून सही करायला सांगा. कागदपत्रे दोघांच्या सामाईक कार्यालयातली किंवा लेखापरीक्षकांकडची असतील, तर खाली एक ओळ कोरी सोडा, म्हणजे ते तसे लिहू शकतील.